चेक न वटल्याची एक नोटीस तपासताना: सहा दिवसांच्या नोंदी

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

न्यायालयातील लघुलेखकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी गावातल्या दोन-तीन वकिलांचे मसुदे वाचून देतो. आज त्यांपैकी एका वकीलसाहेबांकडून पाच पानी नोटीस आली. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालची, म्हणजे चेक न वटल्याची. प्रकरण आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, खाडीकाठच्या एका वाडीतले. हापूसची बेचाळीस कलमे एका व्यापारी फर्मला हंगामापुरती कराराने दिलेली होती. फर्मने आंबा काढला, विकला आणि शिल्लक रकमेचा चेक दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी हातात ठेवला. तो चेक परत आला. नावे, गाव आणि चेकचा क्रमांक मी या नोंदींत देणार नाही. रकमा मात्र खऱ्या आहेत, कारण घोळ रकमांचाच होता.

वकीलसाहेब म्हणाले, “काका, ३ डिसेंबर शेवटची तारीख आहे. २ तारखेला नगरपरिषदेचं मतदान, त्यामुळे १ तारखेला पोस्टात टाकू. तुम्ही निवांत वाचा.” मी निवांत वाचायला घेतले. ती चूक होती. तिची नोंद गुरुवारी येईल.

पहिल्या वाचनात मी काहीच दुरुस्त करत नाही. नोटिशीत कोणती विधाने केली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला कोणता कागद आधार देतो, एवढेच समासात लिहितो. या नोटिशीसाठी करारनामा, चेकची छायाप्रत, बँकेचा रिटर्न मेमो आणि पासबुकाचे पान लागणार होते. हाती फक्त चेकची छायाप्रत आली, तीही अर्धवट. खालची पट्टी, जिथे चेकचा सहा आकडी क्रमांक असतो, तीच कापली गेली होती. बाकीचे कागद मागवले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारी कागद आले आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलो. मसुद्यात अशील म्हणून मुलाचे नाव होते. तो मुंबईला नोकरी करतो, दिवाळीला आला तेव्हा वकीलसाहेबांकडे तोच गेला आणि सगळी हकीकत त्यानेच सांगितली. चेक मात्र त्याच्या आईच्या नावाने लिहिलेला आहे, बाग आईच्या नावावर आहे आणि चेक ज्या खात्यात भरला ते खातेही आईचेच आहे. रकमेची मागणी ज्याच्या नावाने चेक आहे त्याने, किंवा मोबदला देऊन तो चेक रीतसर मिळवलेल्याने, म्हणजे कायद्याच्या भाषेत यथाविधी धारकाने, करायची असते. मुलगा या दोहोंपैकी कोणीही नाही. वकीलसाहेबांना फोन केला तेव्हा क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, “माझ्यासमोर तोच बसला होता ना, म्हणून हात तसाच चालला.” समोर बसलेला माणूस म्हणजे अशील हे गृहीतक लहान गावात फार सहज घडते. इथे वकिलाकडे जायचे काम घरातला शिकलेला मुलगा करतो आणि सही आईवडिलांची असते.

पुढची चूक माझी. मी संगणकावर मुलाचे नाव शोधून सगळीकडे आईचे नाव घालण्याची आज्ञा दिली. चौदा ठिकाणी बदल झाले आणि मी समाधानाने चहाला उठलो. परत आल्यावर परिच्छेद २ वाचला. त्यात लिहिले होते, की फर्मच्या भागीदाराशी वाशीच्या बाजारात प्रत्यक्ष बोलणी अशिलांनी केली. मूळ मसुद्यात ते मुलाबद्दल होते आणि खरे होते. आता ते आईबद्दल झाले आणि साफ खोटे झाले, कारण त्या बाई वाशीला कधी गेलेल्याच नाहीत. उलटतपासणीत पहिला प्रश्न याच वाक्यावर आला असता. त्यात मराठीची क्रियापदे वेगळी. “आमचा अशील गेला, त्याने सांगितले” हे सगळे जुन्या लिंगात तसेच राहिले होते. मी ती फाईल टाकून दिली, मूळ मसुदा पुन्हा उघडला आणि चौदा ठिकाणे एकेक करून हाताने बदलली. त्यांपैकी नऊ ठिकाणी आईचे नाव आले, तीन ठिकाणी “अशिलांचे चिरंजीव” असे राहिले आणि दोन वाक्ये काढूनच टाकली. यात चार तास गेले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज समोरचा पक्ष. मसुद्यात नोटीस एका माणसाला, “प्रोप्रायटर” म्हणून पाठवलेली होती. चेकवर सहीच्या वर फर्मच्या नावाचा रबरी शिक्का आहे आणि सहीच्या खाली बारीक अक्षरांत “भागीदार” असे आहे. छायाप्रतीत तो शब्द डाग असल्यासारखा दिसत होता. मूळ चेक खिडकीशी धरून भिंगाने पाहिल्यावर वाचता आला. करारनामा काढून पाहिला तर त्यात दोन भागीदारांच्या सह्या. म्हणजे प्रोप्रायटर हा शब्द कोणत्याच कागदावर नाही. वकिलांच्या आधीच्या एखाद्या नोटिशीतून तो चालत आलेला असावा. नोटीस आता फर्मला, सही करणाऱ्या भागीदाराला आणि दुसऱ्या भागीदाराला अशी तिघांना काढायचे ठरले. दुसऱ्या भागीदाराला पुढे आरोपी करायचे की नाही, हा निर्णय वकीलसाहेबांचा आहे, तपासनिसाचा नव्हे. कोणत्या कागदावर कोणाची कोणत्या नात्याने सही आहे, एवढे मी त्यांच्यापुढे ठेवले.

नावांच्या बाबतीत आमच्याकडे आणखी एक भानगड असते. सही करणाऱ्या भागीदाराचे नाव करारात एक आणि चेकवर त्याच्या जवळचे दुसरे, जसे दत्ताराम आणि दत्तात्रय. गावात दोन्ही नावांनी त्याच माणसाला ओळखतात, पण त्याच वाडीत त्या नावाचा त्याचा चुलतभाऊही आहे. म्हणून चेकवरचे नाव मुख्य ठेवले आणि पुढे “उर्फ” लिहून करारातले नाव जोडले. वडिलांचे नाव दोन्ही भावांचे वेगळे असल्यामुळे ते पूर्ण लिहिले.

पत्ता पाहिला तर तो महामार्गालगतच्या पॅकिंग शेडचा होता. ही शेड फेब्रुवारीत उघडते आणि जूनच्या पहिल्या पावसाला बंद होते. नोव्हेंबरात तिथे कुलूप, आणि कुलपाखाली कोळ्यांची जाळी. योग्य पत्त्यावर रीतसर टपालाने पाठवलेली नोटीस पोहोचली असे न्यायालय गृहीत धरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलवी हाजी प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही “योग्य पत्ता” या दोन शब्दांवरच वाद होतो. मी शेडचा पत्ता काढला नाही, कारण करारात तोच आहे. त्याच्या जोडीला दोघा भागीदारांचे राहते पत्ते घातले. एका पत्त्याचा पिनकोड शेजारच्या तालुक्याचा होता. वाडीच्या पोस्टमनला विचारून तो दुरुस्त केला. वकीलसाहेबांना ही मेहनत थोडी जास्त वाटली, हे त्यांच्या आवाजावरून कळले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज तारखा, आणि आजच घाम फुटला.

माझी पद्धत जुनी आहे. मी नोटिशीतली तारीख मोठ्याने वाचतो आणि आमची ही मूळ कागदावर बोट ठेवून “हो” किंवा “नाही” म्हणते. डोळ्यांनी दोन कागद जुळवताना डोळा आधी वाचलेलेच पुन्हा पाहतो; ऐकताना तसे होत नाही. करारनाम्याच्या तारखेला “नाही” आले, कारण मसुद्यात साल २०२४ होते आणि मुद्रांकावर १५ जानेवारी २०२५. चेकची तारीख एके ठिकाणी बरोबर २७/१०/२०२५ होती आणि दुसऱ्या ठिकाणी २२/१०/२०२५. ही दुसरी तारीख पाडव्याची, म्हणजे चेक हातात दिल्याची. दोन्ही तारखा खऱ्या, पण वेगवेगळ्या घटनांच्या. दोन्हींना “धनादेशाची तारीख” म्हटल्यामुळे जणू दोन चेक आहेत असा अर्थ होत होता. आता “दि. २२/१०/२०२५ रोजी सुपूर्द केलेला, दि. २७/१०/२०२५ या तारखेचा” असे एकाच वाक्यात बांधले.

मग रिटर्न मेमो घेतला. मसुद्यात लिहिले होते, “दि. ०३/११/२०२५ रोजी धनादेश अनादरित झाल्याचे बँकेकडून समजले.” आमच्या हिने मेमोवर बोट फिरवले आणि म्हणाली, “इथे दोन तारखा आहेत.” वर उजव्या कोपऱ्यात ०३/११/२०२५, ती मेमो छापल्याची तारीख. खाली तक्त्यात कारणाशेजारी ३१/१०/२०२५, ती चेक परत आल्याची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकचे निरंतर क्लिअरिंग सुरू केले आहे आणि सकाळी १० ते ४ मध्ये भरलेल्या चेकचा निकाल त्याच संध्याकाळपर्यंत लागणे अपेक्षित असते. हा चेक शुक्रवारी, ३१ तारखेला, दुपारी भरला होता. पूर्वी चेक भरणे आणि परत येणे यांत दोन-तीन दिवस जात, म्हणून छापील तारीख आणि खरी तारीख यांच्याकडे कोणी बारकाईने पाहत नसे. आता पाहावे लागेल.

मुंबईला मुलाला फोन लावला. आईच्या खात्याला त्याचाच मोबाईल जोडलेला आहे. “हो काका, शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आलेला. पण चेक परत म्हणजे नक्की काय, ते आई सोमवारी बँकेत गेली तेव्हा कळलं.” मेसेज त्याने काढून टाकलेला नव्हता. त्याचे छायाचित्र मागवले. वेळ ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटे.

कायदा म्हणतो, की चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस दिली पाहिजे. माहिती मेमोनेच मिळाली पाहिजे असे तिथे म्हटलेले नाही. माहिती मिळाल्याचा दिवस सोडून मोजले तर ३ नोव्हेंबरपासूनचा तिसावा दिवस ३ डिसेंबर येतो आणि ३१ ऑक्टोबरपासूनचा ३० नोव्हेंबर. त्या दिवशी रविवार. मेसेज धरायचा की मेमो, यावर न्यायालयात वाद घालता येईल, पण जो वाद दोन दिवस आधी पोस्टात जाऊन टाळता येतो तो ओढवून घेण्यात शहाणपण नाही. वकीलसाहेबांना कळवले. ते मतदानाच्या धामधुमीत होते. पहिल्यांदा म्हणाले, “मेमोची तारीखच चालते हो.” दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला: “शनिवारी टाकू.” साडेचार दिवसांचे काम अडीच दिवसांवर आले. मंगळवारी मेमो हातात येताच मी त्यावरच्या तारखा आधी पाहिल्या असत्या तर ही धावपळ झाली नसती.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मागणीचा परिच्छेद मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मसुद्यात तो असा होता:

“तरी सदरची नोटीस मिळताच सात दिवसांचे आत सदर रक्कम व इतर येणे मिळून रु. ४,८५,०००/- (अक्षरी रुपये चार लाख पंधरा हजार फक्त) द. सा. द. शे. १८ टक्के व्याजासह आमचे अशिलांस अदा करावी, अन्यथा त्यांनी दिलेल्या धनादेशाबाबत ते आपणाविरुद्ध योग्य ती कारवाई करतील.”

चेक रु. ४,५०,००० चा आहे. उरलेले पस्तीस हजार म्हणजे आंबा उतरवताना मोडलेल्या फांद्यांची भरपाई, जी करारात आहे पण चेकमध्ये नाही. अक्षरी रक्कम या दोहोंशीही जुळत नाही. ती कुठून आली हे शेवटपर्यंत कळले नाही. कलम १३८ ला हवी असते ती चेकच्या रकमेची मागणी. राहुल बिल्डर्स प्रकरणात चेक एक लाखाचा होता आणि नोटिशीत बिलाची सगळी थकबाकी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नोटीस ग्राह्य धरली नाही. गेल्या सप्टेंबरात कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात तर चेक एक कोटीचा आणि नोटिशीत दोन कोटी असे झाले होते. टंकलेखनाची चूक आहे, हे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. तपासनिसाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: चेकच्या रकमेतली चूक ही आता हस्तदोष म्हणून सुटत नाही.

वकीलसाहेबांना पस्तीस हजार सोडायचे नव्हते आणि त्यात चूक काही नाही. व्याज, खर्च असे इतर येणे चेकच्या रकमेपासून वेगळे आणि स्पष्ट दाखवले तर तेवढ्यानेच नोटीस बाद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सुमन सेठी प्रकरणात सांगितलेले आहे. तरी मी म्हटले, की फांद्यांची वेगळी दिवाणी नोटीस काढावी. अर्धा तास बोलणे झाले आणि शेवटी ते तयार झाले.

बाकीचे दोष भाषेचे. “मिळताच” आणि “सात दिवसांचे आत” एकत्र नांदू शकत नाहीत. शिवाय सात दिवस कुठल्या तरी भाड्याच्या जुन्या नोटिशीतले. इथे नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस द्यावे लागतात. “सदर” हा शब्द त्या एका वाक्यात दोनदा आहे आणि दुसऱ्या “सदर” चा आधार दोन परिच्छेद मागे आहे, जिथे तीन वेगवेगळ्या रकमा आहेत. “त्यांनी दिलेल्या धनादेशाबाबत ते” यातला “त्यांनी” व्याकरणाने अशिलांकडे जातो, म्हणजे चेक अशिलांनी दिला असे वाचता येते. आता तो परिच्छेद असा आहे:

“तरी ही नोटीस आपणांस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, परिच्छेद ३ मध्ये वर्णन केलेल्या व न वटता परत आलेल्या धनादेशाची रक्कम रु. ४,५०,०००/- (अक्षरी रुपये चार लाख पन्नास हजार फक्त) आपण आमच्या अशिलांना अदा करावी. तसे न केल्यास आमच्या अशील आपणां सर्वांविरुद्ध परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ अन्वये सक्षम न्यायालयात फिर्याद दाखल करतील.”

परिच्छेद ३ मध्ये एक शब्द मला सर्वांत धोक्याचा वाटला. “उर्वरित रकमेच्या हमीपोटी धनादेश दिला” असे लिहिले होते. बोलताना आपण “पैशांची हमी म्हणून चेक दिला” म्हणतो तेव्हा खात्री असा अर्थ असतो, पण कागदावर हमी म्हणजे तारण. समोरच्याचा बचाव ठरलेला असतो: चेक फेडीसाठी नव्हता, नुसता तारण म्हणून ठेवला होता. आपल्याच नोटिशीतून त्याला तो शब्द कशाला पुरवायचा? मुलाला पुन्हा विचारून खात्री केली की हिशेब होऊन शिल्लक ठरली आणि ती फेडण्यासाठीच चेक दिला. मग “उर्वरित रकमेच्या फेडीपोटी” असे केले. वस्तुस्थिती तशी नसती तर शब्द बदलायला मी सुचवले नसते.

“चालू हंगाम” सुद्धा बदलला. नोटीस वाचली जाईल तेव्हा पुढच्या हंगामाचा मोहोर डोकावायला लागलेला असेल, आणि करार तर गेल्या हंगामाचा होता. आता “जानेवारी ते मे २०२५ चा आंबा हंगाम” असे आहे. शेवटी भारतीय दंड संहितेचे कलम ४२० राहिले होते. हा सगळा व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या काळातला. वकीलसाहेबांनी ती ओळच काढली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी शेवटचे जोडवाचन. चेकचा क्रमांक छायाप्रतीवरून न घेता मूळ चेकच्या खालच्या पट्टीवरून एकेक आकडा म्हणत जुळवला. छापून आणलेल्या प्रतीत पान ४ वर पुन्हा “सात दिवस” दिसले. वकीलसाहेबांच्या मदतनिसाने चुकून बुधवारची फाईल छापली होती. तीन प्रती रद्दीत गेल्या. नव्या प्रतींच्या तळाशी तारीख आणि “अंतिम” असे छापून घेतले.

दुपारी साडेबाराला टपाल कचेरीत पाकिटे नोंदवली, पोचपावतीसह. पावत्यांवरची नावे आणि पिनकोड खिडकीवरच वाचले. एकीवर पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला होता, तो तिथेच बदलून घेतला. माझे मानधन १,००० रुपये, छपाई आणि झेरॉक्सचे १८० रुपये, टपालखर्च अशिलांनी परस्पर दिला. माझा वेळ एकूण सतरा तास, त्यातले चार माझ्याच शोधा-बदला आज्ञेचे.

गुरुवार, ११ डिसेंबर

दोघा भागीदारांच्या घरच्या पत्त्यांवर पाकिटे ३ डिसेंबरला पोहोचली. शेडच्या पत्त्यावरचे “कुलूप” असा शेरा मारून आज परत आले. ते न फोडता, पावतीसह, तसेच फाईलला लावायला सांगितले. पंधरा दिवस १८ डिसेंबरला संपतात, फिर्यादीचे कारण १९ ला उद्भवते आणि तिथून एक महिना १९ जानेवारी २०२६ पर्यंत जातो. वकीलसाहेबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी १६ जानेवारी, शुक्रवार या तारखेभोवती लाल गोल काढून आलो. अशिलांच्या चिरंजीवांना त्या आठवड्याची रजा टाकायची गरज नाही, आईंना मात्र सहीला यावे लागेल, असेही कळवले.